मसाला ताक रात्रभर ओट्यावर राहिलं: नुसतं आंबलंय की नासलंय?

मृदुला_मांजलपूर (मंगळवार, सकाळी ७.५०)

वडोदऱ्यातल्या मे महिन्याबद्दल वेगळं सांगायला नको. काल रात्री नणंदेकडची सहा माणसं जेवायला यायची होती, आली तिघंच. पावणेनऊला मसाला ताक केलं होतं. घरचं अर्धा किलो दही, दीड लिटर पाणी, आलं-मिरची-कोथिंबिरीचं वाटण, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मीठ आणि चिमूटभर हिंग. जवळजवळ निम्मं उरलं. फ्रिजमध्ये आमरसाचं पातेलं होतं, जागाच नव्हती, म्हणून ताकाचं स्टीलचं पातेलं झाकून ओट्यावर ठेवलं आणि झोपले. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या तापमापकावर रात्री ११ ला ३३ अंश होते.

सकाळी सातला झाकण काढलं तर वर दोन बोटं निवळ पाणी आणि खाली पांढरा साका. कोथिंबीर रात्री हिरवीगार होती, ती शेवाळी-तपकिरी झालीय. काही पानं वर तरंगताहेत आणि पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे आहेत. वास घेतला तर जिरं-हिंगाचाच. चमचाभर चाखलं, चांगलंच आंबट.

आई (सासूबाई) म्हणतात, "नुसतं आंबलंय गं, हांडव्याच्या पिठात घाल." नवरा म्हणतो, ओतून दे. आमचं हे बोलणं चालू असतानाच बाबा फिरून आले आणि अर्धा पेला पिऊनही टाकला. वय ७४. आता मला खरंच काळजी वाटतेय. आंबट कुठे संपतं आणि नासकं कुठे सुरू होतं, हे ओळखायचं कसं?

---

दांडियाबाजार_१ (मंगळवार, सकाळी ८.१५)

मृदुलाताई, घाबरू नका. ताक म्हणजे मुळात विरजलेलं दूध, ते आणखी काय नासणार? माझी आजी उन्हाळ्यात मडक्यात तीन-तीन दिवस छाश ठेवायची, आम्ही सगळी भावंडं तीच पिऊन मोठी झालो. आंबटपणात जंतू जगत नाहीत, शिवाय तुम्ही मीठ घातलंय, हिंग घातलाय, आलं घातलंय. हे सगळे टिकवणारेच पदार्थ. थोडं पाणी वाढवा, चिमूटभर साखर घाला आणि प्या.

---

सुरसागर_समोर (मंगळवार, सकाळी ८.४०)

अजिबात पिऊ नका! गेल्या वर्षी आमच्याकडे याच दिवसांत रात्रीची कढी उरली होती. सकाळी गरम करून दोघांनी भातावर घेतली आणि दुपारपर्यंत दोघंही आडवे. मुलाला सलाईन लावावं लागलं. आणि कढी तर चांगली उकळून घेतली होती! तेव्हापासून आमच्या घरी उरलेल्या ताकाला हात लावत नाही. दांडियाबाजारदादा, आजीच्या काळच्या गोष्टी आजीच्या काळात.

---

साय_आणि_लोणी (मंगळवार, सकाळी ९.३०)

मी बरीच वर्षं डेअरीच्या तपासणी प्रयोगशाळेत काम केलंय, आता निवृत्त आहे. मृदुला, आधी बाबांचं. त्यांना आत्ता काही होत नसेल तर काही करू नका, फक्त लक्ष ठेवा. काही जंतू अन्नात आधीच विष तयार करून ठेवतात. त्याचा त्रास व्हायचाच तर पहिल्या सहा-आठ तासांत उलट्या-मळमळीने सुरू होतो. दुसऱ्या प्रकारचे जंतू पोटात गेल्यावर वाढतात, त्यांना एक-दोन दिवसही लागतात. म्हणून संध्याकाळी बरे दिसले तरी उद्या-परवापर्यंत विचारत राहा. जुलाब-उलट्या सुरू झाल्याच तर ओआरएस द्या. ताप आला, रक्त पडलं किंवा लघवी कमी झाली तर घरी थांबू नका, डॉक्टरकडे न्या. ते आम्लपित्ताची गोळी रोज घेतात का? घेत असतील तर पोटातलं आम्ल कमी असतं आणि जपावं लागतं.

आता ताकाकडे वळते. सुरसागरताई, तुमच्यावर बेतलं ते खरंच वाईट, पण कढी आणि ताक ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. कढी उकळली की दह्यातलं विरजण मरतं. बेसनातून, मसाल्यांतून आलेले काही जंतू मात्र बीजाणूंच्या रूपात उकळीतूनही वाचतात. मग रात्रभर कोमट कढीत त्यांना हटकायला कोणी नसतं. सकाळी पुन्हा उकळलं तरी तयार झालेलं विष काही प्रकारांत उकळीने जात नाही. तुमच्याकडे नेमकं काय झालं ते मी इथून सांगू शकत नाही, पण "उकळलं तरी बाधलं" यात आश्चर्य काहीच नाही.

कच्च्या ताकात विरजण जिवंत असतं. दही होताना दुधातली सगळी साखर काही संपत नाही. पाणी घालून घुसळलं की उरलेली साखर पातळ होते, पण ३३ अंशांना विरजण झपाट्याने काम करतं आणि ती खाऊन आम्ल करतं. म्हणून सकाळी आंबट. नुसतं आंबट होणं म्हणजे ताक आपल्या वाटेने पुढे गेलं, एवढंच.

दांडियाबाजारदादा, तुमचं अर्धं बरोबर आहे. पीएच ४.५ च्या खाली गेला की बहुतेक घातक जंतू वाढू शकत नाहीत, हे खरं. पण वाढ थांबणं वेगळं आणि मरणं वेगळं. कोथिंबिरीच्या मातीतून किंवा पाण्यातून आलेले जंतू आंबट ताकात कितीतरी तास जिवंत राहू शकतात. आणि आंबटपणा चढेपर्यंतचे पहिले काही तास असतातच. दही गोड असेल आणि तिप्पट पाणी घातलं असेल तर सुरुवातीला ताक फारसं आंबट नसतं, तोच काळ नाजूक. मिठाचं म्हणाल तर दोन लिटरला एक-दीड चमचा मीठ हे चवीपुरतं झालं. टिकवायला लोणच्याइतकं लागतं, आणि तसं ताक कोणी पिणार नाही.

मृदुला, दोन गोष्टी कळायला हव्यात. वाटण कधी केलं होतं आणि कुठे ठेवलं होतं? आणि ते बुडबुडे नेमके कसे आहेत?

---

मृदुला_मांजलपूर (मंगळवार, सकाळी १०.०५)

ताई, बाबा रोज सकाळी अनशापोटी आम्लपित्ताची गोळी घेतात. हे मला सुचलंच नव्हतं.

वाटण दुपारी दीडला केलं, मिक्सरच्या भांड्यातच झाकण लावून ओट्यावर होतं. म्हणजे ताकात पडेपर्यंत सात तास. कोथिंबीर एकदाच नळाखाली धुतली होती.

बुडबुडे मोहरीएवढे, कडेने आणि तरंगणाऱ्या पानांच्या खाली. ढवळल्यावर फसफसलं नाही, सोड्यासारखं नाही. साका तळाशीच आहे, वर आलेला नाही.

---

साय_आणि_लोणी (मंगळवार, सकाळी १०.५०)

छान पाहिलंस. एकेक सांगते.

निवळ पाणी वर आणि साका खाली, यात काही बिघाड नाही. आंबटपणा वाढला की दह्यातली प्रथिनं एकमेकांना धरून खाली बसतात. साका तळाशी आहे हे चांगलं लक्षण. ताकात वायू धरला असता तर साका फाटून, भोकं पडून वर तरंगला असता, खाली पाणी आणि वर चोथा. घरचं दहीसुद्धा कधी असं फुगून येतं आणि त्याला भेगा पडतात. ते मी खात नाही.

कोथिंबिरीच्या रंगाने फसू नकोस. हिरवा रंग आम्लात टिकत नाही, शेवाळी होतोच. लिंबू पिळलेल्या चटणीचंही तसंच होतं. रंगापेक्षा पान बोटांत धरून बघ. पान पानासारखं लागतंय की बुळबुळीत होऊन विरघळतंय?

बुडबुड्यांवरून मी ठाम काही सांगणार नाही. विरजणातले काही जंतू स्वतःच थोडा वायू करतात. यीस्टही करतं, आणि आपल्याला नको असलेले आतड्यातले जंतूही करतात. थोडे बुडबुडे यांतल्या कशानेही येतात. यीस्ट असेल तर वास पावाच्या पिठासारखा किंवा ताडीसारखा येतो. आणि इथेच मसाला ताकाची खरी अडचण आहे: जिरं आणि हिंग वास झाकतात. साध्या ताकाला नाक लावलं की कळतं, मसाला ताकाला कळत नाही. वाटीभर ताक गाळून घे, त्यात दोन वाट्या कोमट पाणी घाल आणि मग वास घे. जिऱ्याच्या मागे दुसरं काही असेल तर तेव्हा पुढे येईल.

पण या पातेल्यात मला ताकापेक्षा वाटणाची जास्त भीती वाटते. सात तास ओट्यावर, मे महिन्यात, आणि त्यात आम्ल अजिबात नाही. जंतूंना वाढायला तिथे मोकळं रान होतं. नंतर ते ताकात गेलं. ताक सकाळी कितीही आंबट झालेलं असो, दुपारी वाटणात जे होऊन गेलं ते आंबटपणा मागे घेत नाही. हे ताक मी ओतून देईन. हेच ताक साधं असतं, फक्त दही, पाणी आणि मीठ, तर घरातल्या धडधाकट मोठ्या माणसांसाठी पिठात घालायला मी स्वतः काढून ठेवलं असतं.

---

विश्वामित्री_किनारा (मंगळवार, दुपारी १२.२०)

मध्येच बोलते, पण हे राहून जाऊ नये. पातेलं कसलं होतं हेही विचारत जा. आमच्याकडे माहेरचा पितळी गडू आहे, सुबक आहे म्हणून पाहुण्यांना त्यातून ताक द्यायचे. आतली कल्हई गेली होती, लक्षातच आलं नाही. एकदा उरलेलं ताक रात्रभर त्यातच राहिलं. सकाळी कडेने हिरवट वलय आणि जिभेवर नाणं ठेवल्यासारखी चव. यजमानांनी दोन घोट घेतले आणि पाच-दहा मिनिटांत मळमळून उलटी झाली. सासूबाई लगेच म्हणाल्या, "कळकलंय ते!" तोवर कळकणं हा शब्द मी फक्त ऐकून होते.

---

साय_आणि_लोणी (मंगळवार, दुपारी १२.४५)

अगदी योग्य वेळी सांगितलंत. कळकणं म्हणजे आम्लाने भांड्यातलं तांबं ताकात उतरणं. जंतूंचा यात काहीच संबंध नाही, त्यामुळे उकळून, गाळून, पाणी वाढवून काही उपयोग नाही. ते फेकायचंच. मृदुलाचं पातेलं स्टीलचं आहे, म्हणून तो प्रश्न इथे येत नाही.

---

दांडियाबाजार_१ (मंगळवार, दुपारी १.३०)

ताई, तुमचा अभ्यास मोठा आहे, मान्य. पण मग आमच्या आजीचं मडकं कसं काय चाललं? तीन दिवस, फ्रिज नाही, आणि कोणाला काही झालं नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

---

साय_आणि_लोणी (मंगळवार, दुपारी २.१०)

दादा, आजी ताकात कोथिंबीर वाटून घालून ठेवत होत्या का, आठवतंय? माझा अंदाज, नाही. आधीच्या पिढीत ताक साधं असायचं, लोणी काढलेलं, मुळातच आंबट. मीठ-मिरची पानात वाढताना. रोज थोडं काढायचं आणि रोज नवं घालायचं, म्हणजे मडक्यात जोमदार विरजण कायम. नवीन ताक पडलं की तासा-दोन तासांत आंबट. तो नाजूक काळ फार छोटा व्हायचा. मडकं पाझरून गारही राहायचं. आजीची पद्धत चुकीची होती असं मी म्हणत नाही. मृदुलाचं ताक त्या पद्धतीचं नाही, इतकंच म्हणणं आहे.

---

दांडियाबाजार_१ (मंगळवार, दुपारी २.३०)

नाही, कोथिंबीर नव्हती. पानात वरून जिरेपूड आणि मीठ. बरोबर आहे तुमचं.

तरी एक राहतंच. घरातल्या लहान बाळांना कधी ते ताक देत नव्हते, त्यांच्यासाठी आई वेगळं ताजं घुसळायची. तेव्हा मला वाटायचं, आंबट लागतं म्हणून.

---

मृदुला_मांजलपूर (मंगळवार, संध्याकाळी ६.४०)

बाबा ठीक आहेत. दुपारी जेवले, झोपले, आता बागेत गेलेत. ताई म्हणाल्या तसं परवापर्यंत लक्ष ठेवणार आहे.

ओतून देण्याआधी कोमट पाण्याची परीक्षा केली. पहिल्यांदा जिरंच आलं, पण दुसऱ्यांदा नाक लावलं तेव्हा मागे काहीतरी ओल्या पालापाचोळ्यासारखं होतं. ताडीसारखं नाही. कोथिंबिरीची देठं बोटांत चिरडली तर बुळबुळीत निघाली. आईंनाही वास दिला. त्या काही बोलल्या नाहीत, पातेलं स्वतःच उचलून मोरीत रिकामं केलं.

मुलाने एक सुचवलंय. तो कॉलेजात रसायनशास्त्र शिकतो, पीएचच्या पट्ट्या आणणार आहे. उद्या रात्री आम्ही तीन काचेच्या बरण्या ठेवणार. एकीत साधं ताक, दुसरीत कालच्यासारखंच मसाला ताक, पण वाटण त्याच वेळी ताजं करून, आणि तिसरीत दुकानातलं, बाहेर टिकणारं खोक्यातलं ताक फोडून. पिणार कोणी नाही, फक्त बघणार.

---

अलकापुरी_आदित्य (मंगळवार, रात्री ९.१५)

पट्टीने पीएच बघितला की प्रश्नच मिटला ना? ४.५ च्या खाली असेल तर पिऊ, वर असेल तर टाकू. घरोघरी पट्ट्या ठेवाव्यात.

---

साय_आणि_लोणी (मंगळवार, रात्री ९.५०)

आदित्य, पट्टी तुम्हाला आत्ताचा आंबटपणा सांगते. रात्री १० ते १ मध्ये काय झालं ते सांगत नाही. पीएच वरच राहिला असेल तर पट्टी तुम्हाला नक्की सावध करेल, कारण मग विरजणाने कामच केलं नाही. खाली असेल तर मात्र निर्धास्त करणार नाही. एका बाजूचंच उत्तर आहे ते.

बरण्या जरूर ठेव मृदुला. झाकणं घट्ट फिरवू नकोस, वायू झाला तर दाब येतो.

---

मृदुला_मांजलपूर (गुरुवार, सकाळी ८.३०)

आधी बाबा: दोन दिवस झाले, काहीही त्रास नाही.

आता बरण्या. काल रात्री ९ ला ठेवल्या, सकाळी ७ ला पाहिल्या. पट्टीवर रंग जुळवून सांगतेय, त्यामुळे आकडे अंदाजे.

साधं ताक रात्री ४.५ च्या आसपास होतं, सकाळी ४ ला आलं. साका तळाशी, वर स्वच्छ पिवळसर निवळ, एकही बुडबुडा नाही. वास स्वच्छ आंबट. चमचा बुडवून उचलला तर थेंब सरळ पडला, तार नाही.

मसाला ताक रात्री तेवढंच, सकाळी तेही ४. रंग तसाच शेवाळी. पानांखाली बुडबुडे आहेत, पण परवापेक्षा खूपच कमी. कोमट पाण्यात वास घेतला, पालापाचोळ्याचा वास नाही. देठं बुळबुळीत नाहीत. म्हणजे फरक वाटणाच्या सात तासांचाच होता का?

खोक्यातलं ताक मात्र रात्री जसं होतं तसंच सकाळी. रंग, वास, चव (थेंबभर) सगळं तेच, पीएचही तोच. नवरा म्हणतो, बघ, हेच सगळ्यात चांगलं टिकलं.

---

साय_आणि_लोणी (गुरुवार, सकाळी ९.४०)

खोक्यातलं ताक तापवून बंद केलेलं असतं, त्यात विरजण जिवंत नसतं. म्हणून आंबलं नाही. ते मुळातच आंबट आहे, त्यामुळे एका रात्रीत काही दिसणार नाही. पण फोडल्यावर हवेतून, पेल्यातून जे यीस्ट-बुरशी आत जाते तिला स्पर्धा नसते. ती बरणी आणखी दोन दिवस तशीच राहू दे आणि वर पांढुरका पापुद्रा येतो का ते बघ. पापुद्रा आला तर तो काढून खालचं घ्यायचं नाही. बुरशी आम्ल खाते, मग ताक पुन्हा कमी आंबट होतं आणि बाकीच्यांना वाट मिळते. "आंबट होतं ते आज गोडसर लागतंय" हे ताकात फार वाईट लक्षण आहे. टिकलं आणि आंबलं नाही यातला फरक यजमानांना सांग.

वाटणाबद्दल: शक्यता तीच मोठी आहे, पण एका बरणीवरून मी शिक्का मारणार नाही. परवाची कोथिंबीर वेगळ्या जुडीची होती, एकदाच धुतली होती. काल किती वेळा धुतलीस?

---

मृदुला_मांजलपूर (गुरुवार, सकाळी १०.००)

काल तीनदा, आणि मुळाकडची देठं कापून टाकली. म्हणजे दोन गोष्टी एकदम बदलल्या. खरंय, नेमकं कारण कळलं नाही.

---

सुरसागर_समोर (गुरुवार, सकाळी ११.२०)

निर्णय काय मग? उन्हाळ्यात ताक करून ठेवायचं तर कसं? आमच्याकडे फ्रिज छोटा आहे आणि रात्री लाइट जाते.

---

साय_आणि_लोणी (गुरुवार, दुपारी १२.०५)

पाणी आणि वाटण दोन्ही शेवटी. दही घट्टच ठेवा, पातळ ताकापेक्षा ते जागा कमी घेतं आणि जास्त तग धरतं. वाढायच्या वेळी हवं तेवढंच घुसळा. वाटण थोडं जास्त करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, जेवणाच्या वेळी एक वडी टाकली की ताक गारही होतं. तासाभराने लाइट आली तर वड्या घट्टच असतात. रात्रभर गेली आणि वड्या पूर्ण वितळून कोमट झाल्या तर पुन्हा गोठवू नका, टाका.

साधं ताक रात्रभर बाहेर राहिलं तर सकाळी बघून, हुंगून कढीला किंवा पिठाला घ्या. कच्चं वाटण घातलेलं राहिलं तर दोन-तीन तासांच्या पुढे मी धरत नाही. बाबांसारख्यांना, गरोदर बाईला आणि लहान मुलांना रात्रभर बाहेर राहिलेलं कुठलंच ताक देत नाही, साधंही नाही.

---

दांडियाबाजार_१ (गुरुवार, दुपारी १.१५)

दोन-तीन तास मला फार कडक वाटतात ताई. लग्नाच्या पंगतीत मसाला छाशच्या टाक्या सकाळी ११ ला भरतात, शेवटची पंगत ४ ला उठते. हजार माणसं पितात.

---

साय_आणि_लोणी (गुरुवार, दुपारी १.४०)

त्यात बर्फाच्या लाद्या सोडलेल्या असतात, म्हणून बरंचसं निभतं. पण तो बर्फ कुठल्या पाण्याचा असतो, हे मी प्रत्येक लग्नात विचारते आणि आजवर एकाही आचाऱ्याला ते सांगता आलेलं नाही. मी तिथे ताक घेत नाही. तुम्ही घेत असाल तर मी तुम्हाला खोटं पाडू शकत नाही.

---

मृदुला_मांजलपूर (शनिवार, सकाळी ७.४५)

खोक्यातल्या ताकाच्या बरणीवर आज पापुद्रा आलाय. एका बाजूला रुपयाएवढा, पांढरा, बोट न लावता दिसतो. वास शिळ्या पावासारखा. पट्टी ४.५ दाखवतेय, बुधवारी रात्री त्याच पट्टीवर ४ होतं. नवऱ्याला बरणी हातात दिली, त्यानेच नेऊन ओतली.

साध्या ताकाची बरणी गुरुवारी सकाळीच आईंनी पाहून, हुंगून घेतली होती, हांडव्याच्या पिठात घातली. दुधी किसून, वर तीळ-मोहरीचा वघार. आम्ही चौघांनी खाल्ला, बाबांना त्यांचा वेगळा, ताज्या दह्यातला करून दिला.